केरॅटोकोनस: क्रॉसलिंकिंग काय थांबवतं आणि काय नाही

डोळ्याच्या पुढच्या काचेला, म्हणजे कॉर्नियाला, पातळ होत होत शंकूसारखा फुगवटा येतो, त्याला केरॅटोकोनस म्हणतात. बहुधा वयात येताना तो सुरू होतो. दर सहा महिन्यांनी चष्म्याचा तिरकस नंबर बदलतो आणि नवा चष्मा लावूनही अक्षरांना सावली दिसते. आज मी त्यावरच्या एकाच उपचाराबद्दल बोलणार आहे.

माझ्याकडे आलेल्या सतरा वर्षांच्या एका मुलाचं उदाहरण घेतो. धुळीची अ‍ॅलर्जी, दिवसभर डोळे चोळण्याची सवय. कॉर्नियाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी केली, तेव्हा उजव्या डोळ्याचा सर्वांत जास्त बाक ५१ डायॉप्टर होता आणि सर्वांत पातळ जागी जाडी ४६८ मायक्रॉन होती. चार महिन्यांनी त्याच मशीनवर परत पाहिलं, तर बाक ५३ आणि जाडी ४५५. तेच मशीन मुद्दाम म्हणतोय, कारण दोन वेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि उगाच घाबरायला होतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर तपासणीआधी डॉक्टर सांगतील तितके दिवस ती बंद ठेवा. लेन्सनेही कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो.

वर्षभरात बाक एक डायॉप्टर किंवा जास्त वाढला, तर आजार पुढे सरकतोय असं आम्ही साधारणपणे धरतो. इथे चार महिन्यांतच दोन वाढला होता. लहान मुलांमध्ये आजार वेगाने पळतो, त्यामुळे तिथे वाढ सिद्ध होईपर्यंत थांबणं मला पटत नाही. उलट पस्तिशी ओलांडलेल्या माणसाचे आकडे दोन-तीन वर्षं जागेवर असतील, तर बहुधा नुसतं लक्ष ठेवतो.

आता जाडीचा हिशेब. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये विकसित झालेल्या मूळ पद्धतीत कॉर्नियावरचा पातळ थर, सुमारे ५० मायक्रॉनचा, खरवडून काढतात. मग रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे, पिवळे थेंब अर्धा तास घालतात. पुढे अर्धा तास अतिनील प्रकाश. त्याने कॉर्नियातल्या कोलॅजनच्या धाग्यांमध्ये नवे बंध तयार होतात आणि ती कडक होते. हा प्रकाश आतल्या पेशींपर्यंत पोहोचू नये म्हणून थर काढल्यावर किमान ४०० मायक्रॉन जाडी लागते. या मुलाचे ४५५ वजा ५० म्हणजे ४०५. जेमतेम बसला. आणखी वर्षभर थांबला असता, तर कदाचित बसला नसता. त्याहून पातळ कॉर्नियासाठी ती फुगवणारे थेंब आणि बदललेल्या पद्धती आहेत, पण निवड अवघड होते. गरोदरपणात, डोळ्यात संसर्ग असताना हे करत नाहीत. पूर्वी डोळ्यात नागिणीच्या जातीच्या हर्पिस विषाणूचा त्रास झाला असेल, तर आधी सांगा. तो या प्रकाशाने पुन्हा जागा होऊ शकतो.

भूल थेंबांनीच देतात, करताना दुखत नाही. दुखतं ते घरी गेल्यावर. पहिले दोन-तीन दिवस आग, पाणी, उजेड सहन न होणं. वर पट्टीसारखी मऊ लेन्स ठेवतात, ती थर भरून आल्यावर, साधारण चार-पाच दिवसांत, काढतात. या दुखण्याला दररोज उतार पडायला हवा. तिसऱ्या दिवशी ते वाढलं, चिकट घाण आली किंवा काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तो जंतुसंसर्ग असू शकतो.

पहिले एक-दोन महिने नजर आधीपेक्षा धूसर असते. या मुलाची आई महिन्याने रागावूनच आली होती, "डॉक्टर, याला तर आता आणखी कमी दिसतंय." कॉर्नियावर हलकं धुकं येतं, ते बहुतेकांमध्ये काही महिन्यांत विरतं. तेव्हा टोपोग्राफीचे आकडेही वाढलेले दिसू शकतात. म्हणून उपचार लागू पडला की नाही, हे मी सहा महिने ते वर्षाच्या आकड्यांवर ठरवतो. त्याचा बाक वर्षाने ५२.५ होता. म्हणजे आजार थांबला.

चष्मा मात्र गेला नाही. क्रॉसलिंकिंग आलेला शंकू पुसत नाही. कधी थोडा सपाट होतो, पण त्याचा भरवसा धरू नका. चष्म्याने त्याला ६/१२च दिसत होतं. मग कडक लेन्स बसवली. ती स्वतःचा गोल पृष्ठभाग देते, म्हणून त्याला ६/६ दिसू लागलं. कॉर्नियावर व्रण आला असेल, तर तोही या उपचाराने जात नाही. तिथे कधी कॉर्निया बदलावी लागते. आणि नंबर घालवणारं लेसिक केरॅटोकोनसमध्ये करायचं नाही, क्रॉसलिंकिंगनंतरही नाही. आधीच पातळ असलेली कॉर्निया त्यात आणखी कमी होते.

डोळे चोळणं सुरू राहिलं, तर थांबलेला आजार पुन्हा सरकू शकतो. त्यामुळे अ‍ॅलर्जीचे थेंब त्याला अजून चालू आहेत. डावा डोळा सौम्य आहे. त्याला हात लावलेला नाही, दर चार महिन्यांनी त्याचा नकाशा काढतो.