अनोळखी ‘हाय’ला एकच उत्तर

इन्स्टाग्रामवर अनोळखी माणसाचा मेसेज येतो: ‘हाय, तुझं हसू फार गोड आहे. मैत्री करशील?’ उत्तर द्यायलाच हवं असं नाही. द्यावंसं वाटलं तर इतकंच लिहावं: ‘कौतुकाबद्दल धन्यवाद. पण मला ओळख वाढवायची नाही.’ ‘सध्या कामात आहे’ म्हणू नये. त्यातून ‘नंतर बोलू’ असाच अर्थ निघतो. कारणंही सांगत बसू नये, त्यांवर वाद घालता येतो. समजूतदार माणूस इथे थांबतो. तरीही ‘का गं?’ आलंच, तर दुसरं उत्तर नको; स्क्रीनशॉट ठेवून ब्लॉक करावं. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुष वारंवार संपर्क साधत राहिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार तो गुन्हा ठरू शकतो. तक्रार करताना ते सरळ वाक्य उपयोगी पडतं.