डोळे चेंडूवर, कान हाकेकडे

सप्टेंबर १९९९. कँडीतली श्रीलंका-ऑस्ट्रेलिया कसोटी. महेला जयवर्धनेचा फटका लेगला उंच उडाला. स्टीव्ह वॉ उलटा मागे धावला, सीमेकडून जेसन गिलेस्पी पुढे झेपावला. दोघे एकमेकांवर आदळले. झेल सुटला, वॉचं नाक मोडलं, गिलेस्पीच्या पायाचं हाड मोडलं. तो पुन्हा कसोटी खेळला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.

दोघांचीही नजर चेंडूवर होती, आणि ती तिथेच असायला हवी. चार सेकंद हवेत राहणारा चेंडू जवळपास सहा मजल्यांइतका वर जातो. वाऱ्याने, फिरकीने तो खाली येताना सरकतो. म्हणून चेंडू उडताच सुसाट धावायचं, त्याच्याखाली लवकर पोहोचायचं आणि मग स्थिर व्हायचं. धावत धावत हात पुढे केले की डोकं हलतं आणि अंदाज चुकतो. ऊन डोळ्यांवर येत असेल तर एक हात आडवा धरावा, पण चेंडू नजरेआड होऊ देऊ नये.

हातांच्या दोन पद्धती आहेत. एकीत करंगळ्या जुळवून, बोटं पुढे आणि किंचित खाली ठेवून, छातीसमोर ओंजळ करतात. दुसरीत अंगठे जुळवून, बोटं आभाळाकडे ठेवून, डोळ्यांच्या उंचीवर झेल घेतात. या दुसरीत ऑस्ट्रेलियन खेळाडू विशेष तरबेज. तीत चेंडू आणि हात एकाच नजरेत राहतात, म्हणून अगदी उंच चेंडूला मला तीच बरी वाटते. पद्धत कोणतीही असो, ओंजळ मोठी आणि सैल हवी. चेंडू टेकताक्षणी हात अंगाकडे ओढून घ्यायचे. ताठ हातांवरून तो उसळतो. तळव्याऐवजी बोटांच्या टोकांवर बसला, तर हात उशिरा गेले किंवा पाय जागेवर पोहोचलेच नाहीत, असं समजावं.

पण वर पाहणाऱ्याला शेजारून येणारा सहकारी दिसत नाही. तिथे फक्त आवाज कामी येतो. ज्याला खात्री आहे त्याने लवकर, मोठ्याने आणि एकदा नव्हे तर दोन-तीनदा ‘माझा!’ ओरडावं. ते ऐकताच बाकीच्यांनी थांबून बाजूला व्हायचं. दोघे निघाले असतील तर यष्टिरक्षकाने किंवा कर्णधाराने एकाचं नाव घ्यावं. सहसा पुढे धावत येणाऱ्याचं, कारण त्याला चेंडू समोर दिसतो. मागे धावणाऱ्याला तो खांद्यावरून शोधावा लागतो. मुंबईच्या आझाद मैदानावर शेजारच्या सामन्यातली आरोळीही कानावर येते, तिथे तर नावच हवं.

प्रशिक्षकांनो, उंच झेलांचा सराव एकेकट्याला देऊ नका. दोघांच्या मधोमध चेंडू उडवा आणि हाक न देता घेतलेला झेल मोजू नका.