एका मीटिंगची तीन घड्याळं

एक्झिक्युटिव्ह असिस्टंट, म्हणजे ईए, नेमकं काय करते हे पाहायचं असेल तर मार्च महिना बघावा. समजा, कंपनी पुण्यातली, एक संचालक लंडनला, एक न्यूयॉर्कला. दर सोमवारी संध्याकाळी 6.30 वाजता व्हिडिओ मीटिंग. हिवाळ्यात तेव्हा लंडनमध्ये दुपारचा एक आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे आठ वाजलेले असतात. पण अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे सरकतात, ब्रिटनमधली शेवटच्या रविवारी. आपली जागची हलत नाहीत.

मीटिंगचं आमंत्रण न्यूयॉर्कच्या वेळेवर टाकलेलं असेल, तर त्या रविवारनंतर ती पुण्यात आपोआप 5.30 ला येते आणि नेमकी एमडींच्या प्लांट रिव्ह्यूवर आदळते. जाणकार ईए फेब्रुवारीतच आउटलुकच्या कॅलेंडरमध्ये तिन्ही शहरांच्या वेळा शेजारी-शेजारी लावून मधले दोन-तीन आठवडे तपासते. मग कोणाची मीटिंग हलवायची हे ठरवायला तिला एमडींचा अग्रक्रम माहीत असावा लागतो. ते सॉफ्टवेअर सांगत नाही.

पुढचा टप्पा संचालक मंडळाच्या बैठकीचा. कंपनी कायदा, 2013 नुसार बैठकीची सूचना सर्वसाधारणपणे किमान 7 दिवस आधी जावी लागते. ती काढणं कंपनी सेक्रेटरीचं काम. पण तारीख सगळ्यांना जमते का हे पाहणं, विभागांकडून कागद वेळेत मिळवणं आणि प्रवास-मुक्काम बसवणं ईएकडे येतं. त्यासाठी ती एक्सेलमध्ये रनशीट करते. त्यात चार रकाने असतात: वेळ, काम, जबाबदार माणूस आणि बिघडलं तर काय.

खरी मदार या चौथ्या रकान्यावर. दिल्लीहून येणाऱ्या संचालकांचं विमान दोन तास लेट झालं, तर त्यांची गरज असलेला विषय जेवणानंतर घेता येईल का, हे तिने अध्यक्षांना आदल्या दिवशीच विचारून ठेवलेलं असतं. त्यामुळे सकाळी फक्त क्रम बदलतो, धावपळ होत नाही.

बायोडेटात मात्र हे सगळं ‘कॅलेंडर आणि प्रवास व्यवस्था’ एवढ्यात उरकलं जातं. त्याऐवजी किती वरिष्ठांचं काम पाहते, किती देशांच्या वेळा जुळवते, किती माणसांचा कार्यक्रम आणि किती बजेट हाताळलं, कोणता निर्णय न विचारता घेते, असं लिहावं. ‘एमएस ऑफिस येतं’ यापेक्षा ‘बोर्ड मीटिंगची रनशीट एक्सेलमध्ये करते’ हे जास्त बोलकं. फक्त कोणत्या कंपनीशी बोलणी चालली होती, साहेब कोणाला भेटले, हे त्यात येता कामा नये. असा बायोडेटा वाचून मुलाखत घेणारा पहिली शंका हीच काढेल, की उद्या ही आमचंही असंच सांगेल.