ई-मेल मालिकेचा गोषवारा

ई-मेल मालिकेचा गोषवारा म्हणजे एकाच विषयावरील दीर्घ, जतन केलेल्या ई-मेल पत्रव्यवहाराचे मूळ मुद्दा, प्रत्येक पक्षाची भूमिका आणि अंतिम निष्पत्ती या तीन भागांत केलेले संक्षिप्त लेखन होय. इतिवृत्तात घटनाक्रम महत्त्वाचा असतो. गोषवाऱ्यात मात्र प्रत्येक पक्ष शेवटी कोठे येऊन थांबला, हे महत्त्वाचे असते.

## क्रम लावणे

प्रत्येक उत्तराखाली आधीचा मजकूर पुन्हा येत असल्याने मालिका असते त्याहून मोठी भासते. असा उद्धृत मजकूर बहुधा `>` या चिन्हाने सुरू होतो. तो सरसकट वगळता येत नाही, कारण काही जण त्याच्या ओळींमध्येच उत्तर लिहितात. कोणते पत्र कोणत्या पत्राचे उत्तर आहे, हे शीर्षमाहितीतील `In-Reply-To` या नोंदीवरून कळते. तीत मूळ पत्राचा `Message-ID` असतो. तो संग्रहात सापडला नाही, तर मधले पत्र गहाळ असण्याची शक्यता असते.

## उदाहरण

समजा, 24 सदनिकांच्या एका गृहनिर्माण संस्थेत गच्चीच्या गळतीवरील 4,80,000 रुपयांच्या दुरुस्तीविषयी पत्रव्यवहार झाला. खर्चाची वाटणी कशी करावी, हा मुद्दा होता. वरच्या मजल्यावरील सभासदांनी प्रत्येकी 20,000 रुपयांची समान वर्गणी सुचवली. तळमजल्यावरील सभासदांनी प्रथम ती नाकारली. पुढे तीन ठेकेदारांची दरपत्रके मागवण्याच्या अटीवर ती मान्य केली. त्यावर चिटणीसांनी, "सर्वांची संमती दिसते, विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवू," असे कळवले. त्यानंतर पत्र नाही.

या मालिकेची निष्पत्ती 'समान वर्गणी मंजूर' अशी लिहिणे चुकीचे ठरते. 'तळमजल्यावरील सभासदांची सशर्त मान्यता. निर्णय सर्वसाधारण सभेकडे सोपवला' अशी नोंद योग्य होय. पहिल्या नोंदीच्या आधारे वर्गणी मागितली गेल्यास, अट घालणाऱ्यांवर त्यांनी न दिलेली संमती लादली जाते.

## भूमिका व निष्पत्ती नोंदवणे

भूमिका बदलली असल्यास अंतिम भूमिका तारखेसह द्यावी आणि बदलाचे कारण एका वाक्यात सांगावे. अट ही भूमिकेचाच भाग असल्याने ती गाळू नये. 'ठीक आहे' एवढेच उत्तर असल्यास ती पोच आहे की संमती, हे ते ज्या पत्राला दिले आहे त्यावरून ठरवावे. मौन म्हणजे संमती नव्हे. अशा व्यक्तीपुढे 'उत्तर नाही' असे लिहावे. निष्पत्तीतील प्रत्येक विधानामागे एखादे विशिष्ट पत्र दाखवता आले पाहिजे.

## मर्यादा

दूरध्वनीवर किंवा प्रत्यक्ष भेटीत झालेली बोलणी संग्रहात नसतात. एखाद्याची भूमिका दोन पत्रांदरम्यान कारण न देता बदललेली दिसल्यास तसे घडले असण्याचा संभव असतो. अशा ठिकाणी कारणाचा तर्क न करता 'कारण पत्रव्यवहारात नाही' अशी नोंद करतात.