अक्षरांचा काळा आणि पार्श्वभूमीचा काळा

छपाईच्या फाइलमध्ये काळा रंग दोन तऱ्हांनी देता येतो. पहिल्या तऱ्हेत फक्त काळी शाई शंभर टक्के लागते आणि सायन, मॅजेंटा व पिवळी या उरलेल्या तीन शायांचे प्रमाण शून्य असते. हा साधा काळा, फाइलमध्ये K100. दुसऱ्या तऱ्हेत शंभर टक्के काळ्याच्या जोडीला बाकीच्या शायाही ठरावीक प्रमाणात दिल्या जातात. त्याला रिच ब्लॅक म्हणतात. त्याचे एक रूढ मिश्रण C60 M40 Y40 K100 असे आहे. संगणकाच्या पडद्यावर हे दोन्ही काळे बहुतेक वेळा सारखेच दिसतात. कागदावर मात्र ते इतके वेगळे वागतात, की बारीक मजकुरासाठी एक योग्य ठरतो आणि मोठ्या पार्श्वभूमीसाठी दुसरा.

ऑफसेट छपाईत कागदावर बसणारा शाईचा थर साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो. एवढ्या पातळ थरातून थोडा प्रकाश आरपार जातो आणि खालच्या पांढऱ्या कागदावरून परत येतो. त्यामुळे एकट्या काळ्या शाईचा मोठा पट्टा छापला, तर तो गडद कोळशासारखा, किंचित करडा दिसतो. शेजारी रंगीत छायाचित्र असले, तर त्यातल्या सावल्या चारही शायांनी छापलेल्या असल्याने अधिक गडद दिसतात आणि पट्ट्याचा फिकेपणा उठून दिसतो. शिवाय छापताना धुळीचा किंवा कागदाच्या तंतूचा कण प्लेटवर वा ब्लँकेटवर बसला, की तिथे पांढरा ठिपका उमटतो. एकाच शाईच्या पट्ट्यात तो लगेच नजरेत भरतो. त्या जागी दुसऱ्या शाया असतील तर बराचसा झाकला जातो. बारीक अक्षरांत हा करडेपणा कधीच जाणवत नाही, कारण अक्षराभोवती पांढरा कागद असतो आणि त्या विरोधामुळे डोळ्याला साधा काळाही पुरेसा काळा वाटतो.

मग अक्षरेही रिच ब्लॅकमध्येच का देऊ नयेत? याचे उत्तर रजिस्ट्रेशनमध्ये आहे. चार शायांच्या चार प्लेटा वेगवेगळ्या असतात आणि कागद एकापाठोपाठ एक चार युनिटांतून जातो. चारही ठसे तंतोतंत एकावर एक पडावेत अशी अपेक्षा असते. पण कागद ताणला जातो, दमट हवेने फुगतो, यंत्रात किंचित सरकतो. चांगल्या छपाईतही मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा फरक पडू शकतो. दहा पॉइंटच्या देवनागरी अक्षराची शिरोरेषा साधारण पाव मिलिमीटर जाड असते. तिच्या तुलनेत ०.१ मिलिमीटर हा मोठा फरक आहे. अशा वेळी काळ्या रेघेच्या कडेने निळसर किंवा गुलाबी झाक बाहेर डोकावते. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटे असते. देवनागरीत शिरोरेषा शब्दभर सलग जाते. त्यामुळे ठसा वर किंवा खाली सरकला की त्या सलग रेषेच्या बाजूने दुसरी रंगीत रेघ उभी राहते आणि सगळी ओळ धूसर वाटते. अनुस्वाराचे टिंब आणि उकारांची बारीक वळणेही अशीच दुहेरी दिसू लागतात.

रजिस्ट्रेशन अगदी अचूक बसले तरी दुसरी अडचण उरते. शंभर टक्के शाई प्लेटवर सलग उमटते. २४०० डीपीआयच्या प्लेटवर अशा अक्षराची कड मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत नेमकी येते. साठ किंवा चाळीस टक्के शाई मात्र ठिपक्यांच्या जाळीने छापावी लागते. १५० रेघांच्या जाळीत दोन ठिपक्यांमधले अंतर सुमारे ०.१७ मिलिमीटर असते. पाव मिलिमीटरच्या शिरोरेषेत असे एक-दोन ठिपकेच मावतात, त्यामुळे रंगीत शायांच्या कडा खडबडीत होतात. मुखपृष्ठावरच्या शंभर पॉइंटच्या शीर्षकात हीच रेषा अडीच मिलिमीटर जाड असते आणि तिथे हे दोष दिसत नाहीत. म्हणून जाड, मोठ्या शीर्षकाला रिच ब्लॅक चालतो, मजकुराला चालत नाही.

साध्या काळ्याचा आणखी एक फायदा ओव्हरप्रिंटमुळे मिळतो. फिकट पिवळ्या चौकटीवर काळा मजकूर असेल, तर K100 अक्षरे थेट पिवळ्यावर छापता येतात. इनडिझाइनमध्ये [Black] या स्वॅचसाठी हीच सोय मुळात चालू असते. रिच ब्लॅकच्या अक्षरांसाठी मात्र चौकटीत अक्षराच्या आकाराची जागा कोरून सोडली जाते. ठसा जरा हलला की त्या जागेच्या कडेने वेगळ्याच रंगाची बारीक फट दिसू लागते.

पार्श्वभूमीसाठी रिच ब्लॅक हवा, पण त्यालाही मर्यादा आहे. एका जागी पडणाऱ्या चार शायांच्या टक्क्यांची बेरीज म्हणजे एकूण शाई. C60 M40 Y40 K100 ची बेरीज २४० टक्के होते. आर्ट पेपरवर साधारण ३०० टक्क्यांपर्यंतची बेरीज सोसते. मॅपलिथोसारख्या शाई शोषणाऱ्या कागदावर ती त्याहून खाली ठेवतात आणि वर्तमानपत्री कागदावर २४० किंवा त्याहून कमी. मर्यादा ओलांडली की शाई वेळेत वाळत नाही, थप्पीतल्या वरच्या कागदाच्या पाठीला लागते आणि घडीवर तडकते. "जितका जास्त तितका काळा" असे समजून कधीकधी Registration हा स्वॅच पार्श्वभूमीला लावला जातो. त्यात चारही शाया शंभर टक्के, म्हणजे बेरीज ४०० टक्के असते. तो स्वॅच फक्त ठसे जुळवण्याच्या आणि कापण्याच्या खुणांसाठी असतो.

हे सगळे प्रश्न एकत्र भेटण्याचे ठिकाण म्हणजे काळ्या मुखपृष्ठाचा दिवाळी अंक. समजा, मुखपृष्ठ आर्ट कार्डवर चार रंगांत आणि आतली पाने मॅपलिथोवर एका रंगात छापायची आहेत. मुखपृष्ठाच्या खालच्या भागात अंधारातल्या पणतीचे छायाचित्र आहे, वर काळी पार्श्वभूमी, तिच्यावर मोठे पांढरे शीर्षक आणि त्याखाली आठ पॉइंटमध्ये लेखकांची पांढरी नावे.

पहिला प्रश्न छायाचित्र आणि काळा भाग यांच्या सांध्याचा. फोटोशॉपमध्ये आरजीबीचा पूर्ण काळा SWOP प्रोफाइलने सीएमवायकेत बदलला, तर तो C75 M68 Y67 K90 होतो. छायाचित्राचा अंधार याच्या आसपास आणि वरची चौकट C60 M40 Y40 K100 असेल, तर पडद्यावर सांधा दिसणार नाही. छापल्यावर मात्र दोन काळ्यांमधली सरळ रेघ स्पष्ट दिसेल. चौकट K100 असेल तर ती अधिकच ठळक होईल. खात्रीचा उपाय म्हणजे छायाचित्राचा अंधारच फोटोशॉपमध्ये वरपर्यंत वाढवून संपूर्ण मुखपृष्ठाचे एकच चित्र करणे. मग जुळवायला दुसरा काळा उरतच नाही. मात्र वरच्या मिश्रणाची बेरीज बरोबर ३०० टक्के होते, म्हणून तेवढी शाई चालेल का, हे मुद्रकाला आधी विचारावे लागते.

दुसरा प्रश्न लेखकांच्या पांढऱ्या नावांचा. पांढरे अक्षर म्हणजे चारही शायांमध्ये एकाच जागी सोडलेले भोक. एक शाई जरी सरकली तरी ती भोकात शिरते आणि आठ पॉइंटचे अक्षर बुजते. यावर उपाय असा, की अक्षराच्या बाहेरच्या बाजूने अर्ध्या पॉइंटची, म्हणजे सुमारे ०.१८ मिलिमीटरची K100 किनार द्यायची. त्या किनारीत बाकीच्या तीन शाया नसल्याने त्या थोड्या हलल्या तरी अक्षरापर्यंत पोहोचत नाहीत. इथे एक खोच आहे. किनारीला [Black] स्वॅच लावला तर ती ओव्हरप्रिंट होते, खालच्या रंगीत शाया तशाच राहतात आणि किनार निरुपयोगी ठरते. म्हणून K100 चा वेगळा स्वॅच करून तो ओव्हरप्रिंट होत नाही ना, हे पाहावे लागते. मोठ्या शीर्षकाला अशा किनारीची गरज नसते. पांढरा मजकूर फारच असेल तर पार्श्वभूमी C60 K100 अशी दोनच शायांची ठेवतात. काळा थोडा थंड, निळसर झाकेचा दिसतो, पण जुळवायच्या प्लेटा चारांऐवजी दोनच उरतात.

तिसरा प्रश्न आतल्या पानांचा आणि तोच सर्वाधिक वेळा नजरेतून सुटतो. वर्डमध्ये टाइप केलेल्या मजकुराचा काळा आरजीबीतला असतो. पीडीएफ करताना तो सीएमवायकेत बदलला गेला की वर सांगितल्यासारखे चार शायांचे मिश्रण होते आणि त्यात काळी शाई ९० टक्केच राहते. एकरंगी छपाईसाठी फक्त काळी प्लेट काढली जाते, तेव्हा हा ९० टक्के काळा जाळीतून छापला जातो. परिणामी शंभरेक पानांचा मजकूर किंचित फिकट आणि कडांना दातेरी येतो. भिंगाखाली पाहिले तर अक्षराच्या काळ्यात बारीक पांढरे छिद्र दिसतात. दोष यंत्राचा वाटतो, असतो फाइलचा. मजकूर पानमांडणीच्या प्रोग्रॅममध्ये आणल्यावर सगळ्या परिच्छेदांना [Black] स्वॅच लावला की तो मिटतो.

हे सर्व दोष प्लेटा निघण्याआधी सापडू शकतात. इनडिझाइन काळे रंग मुळात रिच ब्लॅकसारखेच दाखवते. Appearance of Black या पसंतीत Display All Blacks Accurately निवडले, की K100 करडा दिसू लागतो आणि फरक उघड होतो. तयार पीडीएफ अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये उघडून Output Preview खिडकीत काळ्या शाईवरची खूण काढावी. मजकूर पूर्ण नाहीसा झाला, तर तो फक्त काळ्या शाईत आहे. अक्षरांचे रंगीत अवशेष उरले, तर फाइल दुरुस्तीला परत गेली पाहिजे. त्याच खिडकीत Total Area Coverage वर खूण करून मुद्रकाने सांगितलेला आकडा भरला, की मर्यादेपलीकडची जागा रंगाने ठळक होते.

रिच ब्लॅकचे एकच मिश्रण सगळीकडे चालत नाही. कागद, यंत्र आणि लॅमिनेशन यांनुसार ते बदलते. मॅट लॅमिनेशनखाली तर कोणताही काळा थोडा फिकट दिसतो. टोनरवर चालणाऱ्या डिजिटल यंत्रांचे आकडेही ऑफसेटपेक्षा वेगळे असू शकतात. म्हणून पार्श्वभूमीच्या काळ्याचे आकडे छापणाऱ्याकडून घ्यावेत. बारीक मजकुराचा आकडा मात्र ठरलेला आहे: काळी शाई शंभर टक्के, बाकी तिन्ही शून्य.