सहाशे रुपये सोडून दिले, बिल पास झालं

पुण्याहून नागपूरला पंप बसवायला गेलेल्या इंजिनिअरने परतल्यावर अकाउंट्सला मेल टाकला: ‘बिलं जोडली आहेत, कृपया पैसे द्यावेत.’ मेल तसाच परत आला. कसली बिलं, किती, कशासाठी?

दुसऱ्या मेलचा विषयच बोलका होता: ‘प्रवासखर्च, नागपूर, १२ ते १४ मार्च, रु. ६,७७०’. खाली कामाची एक ओळ आणि ज्यांनी दौरा मंजूर केला त्या साहेबांचा मेल जोडलेला. मग हिशेब: रेल्वे १,३१०, हॉटेल दोन रात्री ५,०००, रिक्षा ४६०.

खरी मेख हॉटेलात होती. बिल ५,६०० चं, पण प्रवास धोरणाच्या कलम ४.२ प्रमाणे रात्रीची मर्यादा २,५००. त्याने लिहून टाकलं, ‘वरचे ६०० मागत नाही.’ बिल आणि मागणी यांतला फरक अकाउंट्सवाल्यांना शोधावा लागला नाही. रिक्षाला पावती नसते. तिथे तारीख, कुठून कुठे आणि भाडं एवढं पुरलं, कारण त्यांच्या धोरणात तेवढी सूट होती.

हॉटेलचं बिल मात्र कंपनीच्या नावाने, तिच्या जीएसटी क्रमांकासह लागतं. स्वतःच्या नावाने घेतलं, तर करवजावट अडते. ही दुरुस्ती हॉटेल सोडतानाच काउंटरवर करून घेतलेली बरी. नंतर फोनवर कोण दाद देतो!