चेहरा तिचाच, चिलखत पोलादी

मुंबई-पुण्याच्या कॉमिक कॉनमध्ये मिरवणारी बहुतेक चिलखतं फोमची असतात. लहान मुलांच्या खोलीत जोडून अंथरतात त्या रंगीत चटयांचाच हा इव्हीए फोम. तो कापायचा, हीट गनने तापवून वाकवायचा, सोल्युशन लावून चिकटवायचा आणि वर चंदेरी रंग मारायचा. चार पावलांवरून ते झकास दिसतं. फोटोत मात्र फोम उघडा पडतो: कडा जाड आणि गोलसर, सांध्यावर सोल्युशनची रेघ, आणि इतकं अवजड चिलखत घालूनही पट्टा कमरेवर सैल लोंबतोय.

असाच एका मैत्रिणीचा फोटो समोर आहे आणि तिच्यातून एका कल्पित राज्याची सेनापती उभी करायची आहे, असं समजू. ओढ असते ती चिलखताकडे धावण्याची. जाणता चित्रकार आधी चेहऱ्याकडे बघतो, तेही चेहरा कोणत्या अंतरावरून टिपलाय हे तपासायला. हात लांबवून काढलेल्या सेल्फीत नाक फुगतं, कान मागे जातात. त्यावरून बेतलेली सेनापती सख्ख्या भावालाही ओळखू येत नाही. दीड-दोन मीटरवरून, थोडं झूम करून घेतलेला साधा फोटो मागून घ्यावा. ओळख पटते ती पापण्यांच्या केसांवरून नव्हे, अंतरांवरून: भुवई आणि डोळा यांच्यात किती जागा आहे, ओठ किती रुंद आहेत, कपाळावर केस कुठून सुरू होतात. एक भुवई किंचित वर असेल तर ती तशीच ठेवायची. दोन्ही बाजू सारख्या केल्या की चेहरा देखणा होतो आणि मैत्रीण हरवते.

मग उजेड. समजा, फोटो प्रदर्शनाच्या हॉलमधला आहे. डाव्या बाजूने, वरून पांढरा थंड उजेड येतोय आणि उजव्या गालावर शेजारच्या स्टॉलच्या फलकाची नारिंगी झाक पडलीय. ही झाक पुसून टाकायचा मोह होतो, पण चेहरा राखायचा तर त्याच्यावरचा उजेडही राखावा लागतो. म्हणून चित्राचं दृश्यच त्यावरून ठरवायचं: डावीकडे ढगाळ सकाळ, उजवीकडे कुणीतरी धरलेली मशाल. आता चिलखताचा प्रत्येक पत्रा याच दोन उजेडांना बांधील. अशा चित्रांत शरीरावर चिकटवल्यासारखी दिसणारी डोकी बहुधा इथेच फसलेली असतात. चेहरा हॉलमधला आणि पोलाद भर उन्हातलं.

शरीराचं मापही जपावं लागतं. माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसातपट असते. चित्रातले वीर आठपट किंवा त्याहून उंच काढायची रीत आहे. त्यात खांद्यांवर मोठाले पत्रे चढवले की डोकं लिंबाएवढं होतं आणि मैत्रिणीची ठेवणच बदलते. पत्रे कानाच्या पाळीपर्यंत चढले तर हात वर होणार कसा, हा प्रश्न फक्त चित्रकारालाच पडत नाही, बघणाऱ्यालाही पडतो. युरोपात पंधराव्या शतकातलं पूर्ण पोलादी चिलखत वीस-पंचवीस किलोंच्या आसपास भरे आणि ते घालून घोड्यावर चढता येई, कारण कोपर-खांद्यापाशी एकमेकींवर सरकणाऱ्या पट्ट्या असत. आपल्याकडचं चार-आईना आणखी सुटसुटीत: छाती, पाठ आणि दोन्ही कुशी यांवर चार पत्रे, खाली कड्यांचं जाळीदार बख्तर.

आता धातू. घासलेल्या पोलादाला स्वतःचा असा रंग फार थोडा. ते भोवतालच दाखवतं. इथे नवशिके चुकतात. पांढऱ्यापासून करड्यापर्यंत मऊ छटा उतरवत नेतात आणि पोलादाचं प्लॅस्टिक होतं. आपल्या सेनापतीच्या डाव्या खांद्यावर वरच्या भागात आकाशाचा निळसर करडा येईल. त्याखाली एकदम, मध्ये काही न ठेवता, जवळजवळ काळा पट्टा, कारण तिथे दूरची झाडी दिसतेय. त्याच्याही खाली मातीचा तपकिरी. उजव्या खांद्यावर मशालीची एक अरुंद, धारदार नारिंगी रेघ पुरते. गळ्याभोवतीचा पत्रा हनुवटीखाली थोडा उजेड परत फेकतो आणि तिच्या कातडीचा रंग पत्र्यात उतरतो. चेहऱ्यावर एवढीच ढवळाढवळ माफ, आणि डोकं चिलखतात खरोखर बसतं ते तिच्यामुळेच. कडांचंही बघावं. पोलादाचा पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा असतो, पण त्याची कड बाहेर वळवून गुंडाळलेली असते, म्हणजे ती वाकत नाही आणि शत्रूचं पातं घसरून गळ्यात शिरत नाही. फोटोतली फोमची जाड कड तशीच गिरवली तर सगळी मेहनत पाण्यात.

चामड्याचं तंत्र उलटं. पितळेवरची चकाकी पिवळीच दिसते, धातू तिला आपला रंग देतो. चामड्यावरची चकाकी उजेडाच्या रंगाची असते, पण पसरट आणि मंद. कोल्हापुरी चप्पल निरखली तर बाकीचं कळतं. झाडाच्या सालीत कमावलेलं कातडं नवं असताना फिकट असतं, तेल-घाम-उन्हाने गडद होत जातं आणि जिथे वाकतं तिथे बारीक भेगांची जाळी धरतं. म्हणून पट्ट्याच्या रोजच्या भोकापाशी सुरकुत्या काढाव्यात, पुढची भोकं कोरी ठेवावीत. पट्टा खरंच वजन पेलत असेल तर तो बक्कलापाशी ताणलेला आणि खालच्या कापडात किंचित रुतलेला हवा.

नक्षीत बहुतेकांचा तोल जातो. नक्षी दिसते छान, पण ती धातूवर आली कशी हे ठरवल्याशिवाय रंगवता येत नाही. उठावाची नक्षी पत्रा मागून ठोकून वर आणलेली असते. उजेड वरून असेल तर तिची वरची कड उजळते आणि खाली सावली पडते. कोरलेल्या रेघेत नेमकं उलटं: सावली वरच्या कडेला, उजेड खालच्या. कोफ्तगरीत पोलादावर बारीक चरे पाडून सोन्याची तार ठोकून बसवतात, त्यामुळे ती जवळजवळ पत्र्याच्या पातळीतच राहते. तिला सावलीच नको, फक्त रंग बदलतो. एकाच छातीपत्र्यावर तिन्हींची खिचडी केली की नक्षी छापील स्टिकरसारखी दिसते.

उठावाचा नमुना हवा तर मिलानच्या फिलिप्पो नेग्रोलीने १५४३ मध्ये घडवलेलं शिरस्त्राण बघावं. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पोलादाच्या एकाच पत्र्यातून उठवलेल्या त्या शिरस्त्राणाच्या माथ्यावर एक जलपरी रेललीय आणि तिने कपाळावरच्या मेदूसाचं मुंडकं केसांनी धरलंय. आपल्या सेनापतीला असं काही घालायचं नाही. चेहरा दिसायला हवा, म्हणून शिरस्त्राण तिच्या काखेत द्यावं. छातीच्या मधोमध उठावाचं एक चिन्ह, गळ्याच्या कडेला कोफ्तगरीची वेल आणि बाकीचा पत्रा कोरा. नक्षी गळ्याशी दाट आणि खाली विरळ ठेवली की नजर फिरून चेहऱ्यावर येते.

पूर्ण झालेलं चित्र आरशात बघावं तसं उलटवून पाहिलं की वाकलेला जबडा लगेच खटकतो. मग ते बोटाच्या पेराएवढं लहान करून, नाव न सांगता, मैत्रिणीच्या घरच्या कुणाला तरी दाखवावं, अर्थात तिला विचारून. “ही कोण?” असं उत्तर आलं तर चिलखताला हात न लावता आधी भुवया आणि डोळे यांच्यातलं अंतर पुन्हा मोजायला बसावं.